सरासरीबाहेर राहिलेल्या तक्रारी

महापालिकेच्या तक्रार पोर्टलवर मी एका बंद पथदिव्याची तक्रार नोंदवली होती. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' दिवा बंदच होता. तक्रारीचं पान उघडलं तर खाली शेरा होता, 'भूमिगत केबलमध्ये दोष, संबंधित विभागास कळवले.' म्हणजे पथदिव्यांच्या विभागाने आपल्या हातातलं काम संपवलं होतं आणि पुढचं काम ज्यांचं होतं त्यांच्याकडे कुठलीच तक्रार नव्हती. काही दिवस वाट पाहून मी पुन्हा तक्रार केली. तिला नवा क्रमांक मिळाला आणि ती नऊ दिवसांनी 'काम प्रस्तावित आहे' या शेऱ्यासह बंद झाली. तिसरी तक्रार सहा दिवसांत बंद झाली आणि त्या वेळी मात्र दिवा खरंच लागला. पहिली तक्रार केली तो दिवस धरला तर हा एक्केचाळिसावा दिवस होता.

आता हीच गोष्ट पोर्टलच्या हिशोबात कशी दिसते ते पाहा. तीन तक्रारी आल्या, तिन्ही निकाली निघाल्या, लागलेले दिवस ३, ९ आणि ६, सरासरी सहा दिवस. उरलेले तेवीस दिवस, म्हणजे एक तक्रार बंद झाल्यावर दुसरी नोंदवेपर्यंतचा काळ, कुणाच्याच खात्यावर पडले नाहीत. नोंदीतली एकही तारीख खोटी नव्हती. तरीही अंधारात काढलेल्या एक्केचाळीस दिवसांचे कागदावर सहा झाले.

कोणता विभाग सर्वांत संथ आहे हे शोधायला बहुतेक जण हाच आकडा वापरतात. निकाली निघालेल्या तक्रारी घ्यायच्या, प्रत्येकीला किती दिवस लागले ते काढायचं, विभागवार सरासरी मांडायची आणि विभागांना क्रमांक द्यायचे. आयुक्तांच्या आढावा बैठकीत हा तक्ता असतो, नागरिकांच्या गटांनी माहिती मागवून केलेल्या पाहणीतही हाच असतो. माझं म्हणणं असं की हा तक्ता सार्वजनिक चर्चेत वापरणं थांबवलं पाहिजे. तो चुकतो आणि नेमका सर्वांत वाईट विभागाच्या बाजूने चुकतो. त्याच्या जागी काय हवं, तेही ठामपणे सांगता येतं.

हिशोब सोपा वाटतो म्हणून फसगत होते. न्यूयॉर्क शहराची ३११ ही तक्रार सेवा २००३ मध्ये सुरू झाली. तिथल्या २०१० पासूनच्या नोंदी कुणालाही उतरवून घेता येतात. प्रत्येक तक्रारीची एक ओळ असते. त्यात `Created Date`, `Closed Date`, `Agency` असे रकाने असतात. इतर शहरांच्या पोर्टलवरून मिळणारी फाइलही साधारण अशीच असते. दुसऱ्या तारखेतून पहिली वजा करायची, झालं. पण जी तक्रार अजून सुटलेली नाही तिच्या `Closed Date` च्या रकान्यात काहीच नसतं. रिकाम्या रकान्यातून वजाबाकी होत नाही, म्हणून माणूस त्या ओळी गाळून टाकतो किंवा संगणकच त्या गुपचूप वगळतो. तिथेच सगळं बिघडतं. महिनोन्‌महिने पडून असलेली तक्रार ही संथपणाचा सर्वांत पक्का पुरावा आहे आणि पहिल्याच पायरीवर आपण ती बाहेर ठेवतो.

समजा, दोन विभागांकडे एकाच महिन्यात प्रत्येकी शंभर तक्रारी आल्या. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत. पाणीपुरवठा विभागाने त्यांतल्या पंचाण्णव सोडवल्या, प्रत्येकीला सरासरी नऊ दिवस लागले, पाच बाकी राहिल्या. रस्ते विभागाने चाळीस सोडवल्या. त्या सोप्या होत्या, म्हणून सरासरी चारच दिवस लागले. साठ तक्रारी तीन महिन्यांनीही तशाच आहेत. सरासरीच्या तक्त्यात रस्ते विभाग चार दिवस आणि पाणीपुरवठा नऊ दिवस. रस्ते विभाग दुपटीहून वेगवान ठरला! शंभरांतल्या साठ नागरिकांना त्याने हात लावलेला नाही, हे त्या तक्त्यात कुठेही येत नाही.

याच्या पुढची पायरी मला जास्त खटकते. समजा, रस्ते विभागात एक नवा अभियंता आला आणि त्याने जुना साठा उपसायचं मनावर घेतलं. त्या महिन्यात त्याने नेहमीच्या चाळीस ताज्या तक्रारी चार-चार दिवसांत सोडवल्याच, शिवाय नव्वद-नव्वद दिवस जुन्या पन्नास तक्रारीही मार्गी लावल्या. त्या महिन्यात बंद झालेल्या नव्वद तक्रारींची सरासरी जवळपास बावन्न दिवस येते. गेल्या महिन्यात चार, या महिन्यात बावन्न. विभागाने वर्षातलं सर्वांत चांगलं काम केलं आणि तक्त्यात तो थेट तळाला गेला. पुढच्या बैठकीत त्याला स्पष्टीकरण मागितलं जाईल. त्यातून तो काय शिकेल? जुन्या तक्रारीला हात लावू नये, आज आलेली सोपी तक्रार आजच बंद करावी आणि जी एकदा मागे पडली ती तशीच राहू द्यावी. तक्ता माणसांना वाईट सवय लावतो, ती अशी. आणि जुनी तक्रार म्हणजे कुणाच्या तरी दारासमोरचा खड्डा असतो किंवा आठ महिने तुंबलेलं गटार.

मग न सुटलेल्या तक्रारी हिशोबात घ्यायच्या कशा? त्यांना किती दिवस लागणार हे तर अजून ठाऊक नाही. हा प्रश्न वैद्यकीय संशोधकांसमोर फार आधी आला होता. अभ्यास संपताना काही रुग्ण जिवंत असतात. ते किती जगतील माहीत नसतं, पण आतापर्यंत किती जगले ते माहीत असतं, आणि ही माहिती फेकून देणं चूक असतं. एडवर्ड कॅप्लान आणि पॉल मायर यांनी १९५८ मध्ये यावरची पद्धत प्रसिद्ध केली आणि ती आजही रोज वापरली जाते. तक्रारींना ती जशीच्या तशी लागू पडते. जी तक्रार आज वीस दिवस पडून आहे तिला किती दिवस लागतील ते माहीत नाही, पण वीसपेक्षा जास्त लागतील हे नक्की आहे.

दहा तक्रारी घेऊन कागदावर करून पाहू. सहा सुटल्या आहेत: दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी दोन, मग सहाव्या, दहाव्या आणि पंधराव्या दिवशी एकेक. चार अजून उघड्या आहेत आणि त्यांचं आजचं वय ४, ५, १२ आणि २० दिवस आहे. नुसत्या सुटलेल्या सहा पाहिल्या तर मधला आकडा साडेचार दिवस येतो, म्हणजे निम्म्या तक्रारी साडेचार दिवसांत सुटतात असं वाटतं.

आता एकेक दिवस पुढे जाऊ. दर वेळी एवढंच विचारायचं की या दिवसापर्यंत उघड्या असलेल्या, म्हणजे ज्यांच्यावर आपली नजर अजून आहे अशा तक्रारींपैकी किती आज सुटल्या. दुसऱ्या दिवशी दहांतली एक सुटली, ९० टक्के उरल्या. तिसऱ्या दिवशी नऊपैकी दोन सुटल्या, म्हणजे नव्वदाचे सात-नवमांश, ७० टक्के उरल्या. चौथ्या आणि पाचव्या दिवशी दोन तक्रारी नजरेआड होतात, कारण त्यांचं वयच तेवढं आहे, पुढचं अजून घडायचं आहे. त्या सुटल्या असं धरायचं नाही, फक्त पुढच्या मोजणीतून बाजूला ठेवायच्या. सहाव्या दिवशी नजरेखाली पाच आहेत, त्यांतली एक सुटली, सत्तराचे चार-पंचमांश म्हणजे ५६ टक्के उरल्या. दहाव्या दिवशी चारपैकी एक सुटली, ४२ टक्के उरल्या. उरलेल्यांचं प्रमाण निम्म्याच्या खाली पहिल्यांदा गेलं ते दहाव्या दिवशी. म्हणजे निम्म्या तक्रारी सुटायला लागणारा वेळ साडेचार दिवस नसून दहा दिवस आहे. तक्रारी त्याच, तारखा त्याच, उत्तर दुपटीहून मोठं. आणि साठा जितका जास्त तितका हा फरक वाढतो, म्हणून म्हटलं की जुना तक्ता सर्वांत वाईट विभागालाच झाकतो.

या पद्धतीतही एक गृहीतक आहे. आज पाच दिवसांची असलेली तक्रार पुढे इतर तक्रारींसारखीच वागेल, असं ती धरून चालते. तो विभाग गेल्या महिन्यापासून ठप्प असेल तर हे गृहीतक ढासळतं आणि आकडा खरा असेल त्यापेक्षा बरा दिसतो. म्हणून वर्षभराच्या तक्रारी एकत्र न करता ज्या महिन्यात नोंदल्या त्या महिन्याचा गट धरावा, म्हणजे बिघाड कधी सुरू झाला तेही कळतं.

जाहीर तक्त्यासाठी एवढ्या गणिताची गरजही नाही. एका महिन्यात नोंदलेल्या सगळ्या तक्रारी घ्याव्यात आणि सात, तीस आणि नव्वद दिवसांनंतर त्यांतल्या किती टक्के उघड्या होत्या, एवढंच सांगावं. नव्वद दिवसांचा आकडा नव्वद दिवस उलटल्याशिवाय लिहू नये, तोवर जागा रिकामी ठेवावी. वरच्या उदाहरणात तीस दिवसांनी रस्ते विभागाचे निदान साठ टक्के आणि पाणीपुरवठ्याचे त्याहून कितीतरी कमी उघडे दिसले असते आणि कोण संथ आहे यावर वाद उरला नसता. जुना साठा उपसणाऱ्या अभियंत्यावरही यात अन्याय होत नाही, कारण जुन्या तक्रारी त्यांच्या जुन्या महिन्यातच मोजल्या जातात आणि चालू महिन्याला त्यांचा डाग लागत नाही.

हे सगळं 'निकाली' या शब्दावर विसंबून आहे आणि तो शब्द भरवशाचा नाही. माझा दिवा त्याचाच दाखला आहे. तक्रार बंद होते तेव्हा काम झालेलं असतं, किंवा ती दुसऱ्या विभागाकडे वर्ग झालेली असते, किंवा काम 'प्रस्तावित' असतं, किंवा जागेवर गेलेल्या माणसाला काही आढळलेलं नसतं. फाइलमध्ये हे सगळं एकाच रकान्यात एकाच शब्दाने येतं. म्हणून सरळ तारखांकडे जाण्याआधी शेऱ्यांचा रकाना वाचावा. शे-दोनशे शेरे डोळ्यांखालून घातले की विभागाची भाषा कळते. तीच दहा-बारा वाक्यं पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांतली कोणती 'काम झालं' असं सांगतात ते वेगळं काढता येतं.

तारखांमध्येही खुणा असतात. एखाद्या प्रकारच्या तक्रारीला सात दिवसांची मुदत असेल तर सुटायला लागलेल्या दिवसांचा आलेख काढावा. खरं काम होत असेल तर तो उतरत जातो, काही पहिल्या दिवशी, काही चौथ्या, काही अकराव्या. सहाव्या-सातव्या दिवशी एकदम उंच सुळका आणि आठव्या दिवशी जवळपास काहीच नाही, असं दिसलं तर तक्रारी मुदतीमुळे बंद होत आहेत, कामामुळे नाही. एकाच मिनिटाला, एकाच लॉगिनवरून साठ-सत्तर तक्रारी बंद झालेल्या दिसल्या तर त्यातल्या दोन-चार जागा स्वतः जाऊन पाहाव्यात. दिवसभराची कामं संध्याकाळी एकदम नोंदवली असण्याचीही शक्यता असते, म्हणून नुसत्या वेळेवरून आरोप करू नये.

पुन्हा केलेली तक्रार हा दुसरा उपाय. त्याच जागेवरून, त्याच प्रकारची तक्रार बंद झाल्यावर तीस दिवसांच्या आत परत आली तर ती वेगळी न मोजता पहिलीचाच पुढचा भाग धरावी आणि घड्याळ पहिल्या तारखेपासून चालू ठेवावं. पत्ते नीट लिहिलेले नसतात, म्हणून पोर्टलने नकाशावरचं स्थान घेतलं असेल तर त्यावरून जुळवणी करावी. यात काही चुका होतील. पावसात एकाच चौकात दोन वेगळे खड्डे पडू शकतात. तरीही काही विभागांची क्रमवारी या एका बदलाने उलटी होते, कारण तक्रार लवकर बंद करणं आणि ती परत येणं यांचं जवळचं नातं असतं.

मग येते टोलवाटोलवी. उतरवून घेतलेल्या फाइलमध्ये सहसा एकच विभाग लिहिलेला असतो, तक्रार शेवटी जिथे होती तो. समजा, एक तक्रार आरोग्य विभागाकडे वीस दिवस पडून राहिली, मग मलनिःसारणाकडे गेली आणि त्यांनी दोन दिवसांत काम केलं. बावीस दिवस मलनिःसारणाच्या नावावर लागतात आणि आरोग्य विभागाच्या तक्त्यात ती तक्रार आलेलीच नसते. संथ म्हणून बदनाम झालेल्या विभागाचे लोक हेच सांगत असतात आणि पुष्कळदा ते खरं बोलत असतात. यावर एकच इलाज आहे: तक्रार कोणत्या तारखेला कुणाकडे गेली त्याची पूर्ण साखळी पोर्टलने जाहीर केली पाहिजे. बहुतेक प्रणालींमध्ये ती आत नोंदलेली असते, फक्त बाहेर दिली जात नाही. माहिती मागणाऱ्यांनी पुढच्या अर्जात सरासरीऐवजी ही साखळी मागावी. ती मिळेपर्यंत तीच फाइल दर सोमवारी उतरवून ठेवावी. दोन आठवड्यांच्या फाइली शेजारी ठेवल्या की कोणत्या तक्रारीचा विभाग बदलला, कोणती बंद होऊन परत उघडली आणि बंद झाल्याची तारीख मागाहून कुठे बदलली, हे दिसतं. एकाच फाइलमध्ये यातलं काही दिसत नाही.

विभागप्रमुखांचा नेहमीचा आक्षेप असतो की वेगवेगळ्या कामांची तुलना कशी करता. तो मला मान्य आहे. न्यूयॉर्कमध्ये घरातल्या गोंगाटाच्या तक्रारी पोलिसांकडे जातात आणि बहुतेक काही तासांत बंद होतात. पोलीस पोचेपर्यंत गोंगाट थांबलेला असला तरी तक्रार बंदच होते. त्याच शहरात धोकादायक झाडाची तक्रार उद्यान विभागाकडे जाते, तिथे आधी पाहणी, मग तोडणारं पथक, मग ओंडके उचलणारी गाडी. या दोघांना एका रांगेत उभं करून पोलिसांना वेगवान म्हणण्यात अर्थ नाही. पण या आक्षेपातून तुलनाच सोडून द्यावी असा निष्कर्ष निघत नाही. एकाच प्रकारची तक्रार वेगवेगळ्या प्रभागांत किती दिवस उघडी राहते ते पाहावं. बंद दिव्याचं काम सगळीकडे सारखंच असतं. एका प्रभागात तीस दिवसांनी आठ टक्के दिवे बंद असतील आणि शेजारच्या प्रभागात पंचेचाळीस टक्के, तर कामाचं स्वरूप वेगळं आहे हे उत्तर तिथे चालत नाही. तिथे ठेकेदार, सामान आणि माणसं यांच्याबद्दल विचारावं लागतं आणि तेच विचारायला हवं.

दुसरा आक्षेप असा की लोकांना एकच सोपा आकडा लागतो. मला तो पटत नाही. 'जानेवारीत आलेल्या शंभर तक्रारींपैकी बावीस एप्रिलमध्येही उघड्या होत्या' हे वाक्य 'सरासरी ६.४ दिवस' यापेक्षा अवघड नाही. उलट ज्याची तक्रार त्या बावीसमध्ये आहे त्याला ते लगेच कळतं, आणि सरासरी वाचून त्याला वाटतं की आपल्याच नशिबात काहीतरी वेगळं लिहिलंय.

एका गोष्टीपुढे मात्र हे सगळं तोकडं पडतं. पोर्टलला तक्रार करणारी माणसंच दिसतात. तीन वेळा तक्रार करून काही झालं नाही की माणूस चौथ्यांदा करत नाही आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही तो पहिल्यांदाही करत नाही. अतिसंथ विभागाकडच्या तक्रारी कालांतराने घटतात आणि घट ही सुधारणा म्हणून दाखवली जाते. म्हणून तक्रारींची संख्या आणि उघड्या तक्रारींचं प्रमाण नेहमी शेजारी ठेवून वाचावं. संख्या घटली आणि उघड्या तक्रारींचं प्रमाणही घटलं तर चांगलं. संख्या घटली आणि प्रमाण तसंच राहिलं तर लोकांनी नाद सोडलाय.

महापालिकांकडे माझी मागणी म्हणून एका पानाएवढीच आहे. दर महिन्याला, तक्रारीच्या प्रकारानुसार आणि प्रभागानुसार, सात, तीस आणि नव्वद दिवसांनी उघड्या राहिलेल्या तक्रारींचं प्रमाण. परत आलेल्या तक्रारी पहिल्या तारखेपासून मोजलेल्या. प्रत्येक तक्रारीची विभागांमधून झालेली वाटचाल, तारखांसह. आणि पानाच्या तळाशी प्रत्येक विभागाच्या सर्वांत जुन्या दहा उघड्या तक्रारी: तक्रारदाराचं नाव नको, फक्त क्रमांक, प्रकार, प्रभाग आणि आजचं वय. आढावा बैठक या दहापासून सुरू करावी, क्रमवारी नंतर पाहावी. पहिल्या महिन्यात त्या यादीत चारशे-पाचशे दिवसांच्या तक्रारी निघतील. त्यांतल्या काही कधीच सुटून गेल्या असतील, फक्त बंद करायच्या राहिल्या असतील, त्या त्याच बैठकीत बाजूला होतील. ज्या उरतील त्यांच्यासमोर कुणाचं तरी नाव आणि तारीख लिहिली जाईल.